केसाळ टेडी नको आणि स्टीलचा डबा चालतो, असं का?

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा आहे, आम्ही बडोद्याला राहतो. सेलवरची रेल्वे लावली की तो कान झाकून दुसऱ्या खोलीत पळतो, पण स्वतः मात्र स्टीलचा डबा पळीने बडवत बसतो. मावशीने आणलेल्या केसाळ टेडीला हात लावत नाही, आजीने विणलेला लोकरीचा हत्तीही फेकून देतो. आजीच्या जुन्या सुती साडीची घडी मात्र गालाशी घट्ट धरून बसतो. गाड्यांची चाकं फिरवायला आवडतं. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे आणि सगळे विचारताहेत काय आणू. नेमकी कुठली खेळणी घ्यावीत?

उत्तर: डबा आणि साडी या दोन गोष्टी तुम्ही लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण निवडीचं सगळं सूत्र त्यातच आहे. डबा बडवण्याचा आवाज त्या रेल्वेपेक्षा कमी नसतो, बहुतेक वेळा जास्तच असतो. फरक एवढाच की पळी खाली कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. हात त्याचा, जोर त्याचा, थांबवणंही त्याच्या हातात. रेल्वेची शिट्टी मात्र मध्येच, न सांगता वाजते आणि ती बंद करणं त्याच्या हातात नसतं. त्याला त्रास होतो तो अचानक येणाऱ्या, आपल्या ताब्यात नसलेल्या आवाजाचा. आवाज किती मोठा आहे हा त्यानंतरचा प्रश्न.

स्पर्शाचंही तसंच आहे. केसाळ टेडी आपल्याला मऊ वाटतो, पण त्याचे शेकडो केस त्वचेवर हलके हलके सरकतात. अशा मुलांना हलका, विखुरलेला, गुदगुल्यांसारखा स्पर्श सर्वांत जास्त खुपतो. साडीची घडी तो दाबून धरतो, म्हणजे त्याला सपाट पृष्ठभाग आणि एकसारखा दाब मिळतो, आणि दाब किती हे तोच ठरवतो. म्हणून दुकानात जाऊन “मऊ आणि आवाज न करणारं काहीतरी द्या” असं म्हणू नका. तसं म्हटलंत की पुन्हा केसाळ ससाच हातात पडेल. तुम्हाला हवं आहे ते गुळगुळीत, घट्ट आणि थोडं वजनदार खेळणं, आणि आवाज असलाच तर तो त्याच्या हाताने निघणारा.

पुढे जाण्याआधी, मला इथे बसून जे कळू शकत नाही ते सांगते. कान झाकणाऱ्या मुलाची एकदा कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि श्रवणचाचणी व्हावी. कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी साठलं असेल तर आवाज विचित्र वाटू शकतात आणि ते खेळणं बदलून सुटत नाही. त्वचेवर कोरडे, खाजरे चट्टे असतील तर लोकर टोचण्याचं कारण वेगळं निघेल. तो वस्तू तोंडात घालतो का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. घालत असेल तर खाली जिथे धान्य किंवा लहान भागांचा उल्लेख येईल तिथे तो पर्याय सोडून द्या. आणि जेवण, अंघोळ, कपडे, केस कापणं या सगळ्यातच रोज झगडा होत असेल तर प्रश्न खेळण्यांपुरता उरत नाही. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून नीट मूल्यमापन करून घ्या. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं असतात. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे ते सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात विचारा.

आता आवाज. दुकानात खेळणं वाजवून बघताना बहुतेकजण “फार मोठं नाही ना” एवढंच ऐकतात. त्याऐवजी चार गोष्टी लक्ष देऊन ऐका. आवाज हळूहळू चढतो की एकदम फुटतो? मध्येच बटण दाबलं तर लगेच थांबतो की गाणं पूर्ण करूनच सोडतो? काही वेळ हात लावला नाही तर आपणहून “चला खेळू या” असं काही बोलतो का? (हे फार खेळण्यांत असतं आणि दुकानात लक्षात येत नाही, कारण तिथे कोणी दोन मिनिटं शांत उभं राहत नाही.) आणि शेवटचं, आवाज पूर्ण बंद करणारा खटका खरंच आहे का, की फक्त मोठा आणि त्याहून मोठा अशा दोनच पायऱ्या आहेत? आपणहून बोलणारं खेळणं या मुलासाठी बादच समजा, ते कितीही हळू बोलत असलं तरी.

फोनवर आवाज मोजायचं ॲप वापरायला हरकत नाही, पण आकड्यावर जाऊ नका. फोनचा माइक मोजमापासाठी बनवलेला नसतो, म्हणून एकाच फोनवर दोन खेळण्यांची तुलना करण्यापुरताच त्याचा उपयोग. मंगळ बाजारात किंवा न्याय मंदिराच्या आसपास उभं राहून मोजलंत तर रस्त्याचाच आवाज मोजला जाईल. दुकानाच्या आतल्या खोलीत किंवा घरी आणून मोजा, आणि बदलून मिळेल का हे आधीच विचारून ठेवा. फोन खेळण्यापासून एक वीत अंतरावर धरा, कारण मूल खेळणं साधारण तेवढंच जवळ धरतं. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणून हात लांब करून ऐकलेला “ठीक आहे” वाटणारा आवाज त्याच्या कानाजवळ ठीक राहत नाही. मुलाला मात्र या चाचणीला नेऊ नका. दुकानदार प्रेमाने एकामागून एक बटणं दाबून दाखवतो आणि मग त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणं मुश्किल होतं.

घरात असलेल्या रेल्वेचं काय करायचं? आधी आवाज कुठून येतो ते शोधा. ती चालू करून हातात उचलून धरा. चाकं हवेत फिरताना जो आवाज येतो तो मोटरचा आणि आतल्या दातेरी चाकांचा. जमिनीवर ठेवल्यावर त्यात जी भर पडते ती कडक प्लास्टिकची चाकं फरशीवर घासल्याची. शिट्टी आणि गाणं येतं ते स्पीकरमधून. मोटर आणि दातेरी चाकांच्या आवाजावर घरगुती उपाय जवळजवळ नसतो, पण उरलेल्या दोन्हींवर आहे.

स्पीकरच्या जाळीवर आतून किंवा बाहेरून चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले तर आवाज थोडा दबतो आणि त्याची किनार बोथट होते. पण बाहेरून लावलेली पट्टी मुलं सोलून काढतात. पक्का उपाय म्हणजे रेझिस्टर, विजेचा प्रवाह कमी करणारा छोटा भाग. सेल काढून खेळणं उघडलं की स्पीकरच्या पाठीवर बहुधा ८ ओहम असं लिहिलेलं दिसतं. त्याच्या दोन तारांपैकी एक कापून मध्ये ४७ ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर जोडायचा. त्यामुळे पातळी साधारण १७ डेसिबलने उतरते, म्हणजे ऐकायला आवाज तिसऱ्या हिश्श्यावर येतो. फार दबला वाटला तर ४७ च्या जागी २२ ओहमचा लावा. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा कोणीही हे पाच मिनिटांत करून देईल आणि रेझिस्टरची किंमत नगण्य असते. स्पीकरऐवजी पितळी रंगाची पातळ चकती दिसली तर मात्र तो बझर. त्याच्यावर एवढ्या लहान रेझिस्टरचा परिणाम होत नाही. तिथे तार कापून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणं हाच उपाय. खेळणं उघडलं की वॉरंटी जाते हे धरून चाला. सेलचं झाकण परत लावताना स्क्रू घट्ट बसलाय ना ते बघा. आत चपटे बटण-सेल असतील तर याबाबत जराही ढिलाई नको, कारण गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो.

एवढं करूनही तुमचा मुलगा त्या रेल्वेला कदाचित जवळ करणार नाही. ती त्याच्यासाठी आधीच “ती शिट्टीवाली” झालेली आहे. तसं असेल तर महिना-दोन महिने ती नजरेआड ठेवा.

फरशीचा मुद्दा लोक हमखास विसरतात. आपल्या घरांत टाइल्स किंवा कोटा असतो, भिंती सपाट, पडदे पातळ. अशा खोलीत लाकडी ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की जो कडाड् आवाज येतो तो भल्याभल्या सेलच्या खेळण्याला हरवतो, आणि तो अचानकच येतो. मग मूल ठोकळ्यांनाच घाबरलं असं वाटतं. दुहेरी घडी घातलेली जाड सतरंजी, त्याखाली जुनी गोधडी, एवढ्याने तो आवाज पुष्कळ मरतो. ठोकळे स्टीलच्या डब्यात न ठेवता कापडी पिशवीत ठेवा, कारण रोज संध्याकाळी ते डब्यात ओतण्याचा आवाज हाही त्या खेळण्याचाच भाग असतो. नवीन काही विकत घेण्याआधी हे करून बघा. आहेत त्यातली दोन-तीन खेळणी पुन्हा चालू लागण्याची शक्यता असते.

स्पर्शाकडे येऊ. खेळणं हातात घेऊन तळव्याने चाचपू नका. आपल्या तळव्याची त्वचा जाड असते आणि तिच्यावर केस नसतात, ती फार सहन करते. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये खेळणं हलकेच फिरवा. मग मानेवर कानामागे फिरवा आणि डोळे मिटून बघा. तिथे जे खुपतं ते त्याला कितीतरी जास्त खुपेल. दुसरी चाचणी ओढणीची. जुनी जॉर्जेट किंवा रेशमी ओढणी खेळण्यावरून सगळ्या बाजूंनी ओढा. धागा कुठे अडकला तर तिथे कूस, खिळ्याचं टोक किंवा प्लास्टिकची धार आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या जागा या चाचणीत सापडतात.

प्लास्टिकच्या खेळण्यांत दोन अर्धे भाग जुळतात तिथे एक बारीक उभी रेघ राहते. मुलं बोट त्याच रेघेवरून फिरवतात आणि मग खेळणं टाकून देतात. ही रेघ काढता येते. हार्डवेअरच्या दुकानातून ४०० नंबरचा आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर आणा. पेपर पाण्यात बुडवून आधी ४०० ने, मग ८०० ने रेघेच्या दिशेने घासा आणि खेळणं धुऊन पुसून घ्या. कोरडं घासलंत तर प्लास्टिक तापून आणखी खरखरीत होतं, म्हणून पाणी सोडू नका. रंग दिलेल्या भागावर हे करू नका. लेझरने कापलेल्या पातळ लाकडी पझलच्या कडांना काळी, खरखरीत पूड असते. तिथे २२० आणि मग ४०० नंबर, तोही कोरडाच, कारण तसलं दाबलेलं लाकूड पाण्याने फुगतं.

कापडी खेळण्यात बघण्याच्या जागा तीन. लेबल, जे फाडून न काढता शिवणीलगत उसवून काढायचं, कारण कापलेलं टोक जास्त टोचतं. वेल्क्रोची आकडेवाली बाजू, जी कपडे बदलायच्या बाहुल्यांत असते. आणि सजावट: जर, टिकल्या, आरसे. आपल्याकडे कच्छी भरतकामाच्या बाहुल्या आणि हत्ती भेट म्हणून फार येतात. त्या दिसायला सुंदर असतात, पण या मुलाच्या हाती देण्यापेक्षा कपाटात शोभतील.

आजींच्या हत्तीबद्दल एक शब्द, कारण त्यांचं मन राखणंही आलं. टोचला तो बहुधा धागा. ॲक्रिलिक लोकरीला बारीक तुसं असतात आणि धुतल्यावर ती कमी न होता वाढतात. त्यांना म्हणावं, तोच हत्ती मर्सराइज्ड सुती धाग्याने क्रोशावर घट्ट विणा, सुई एक नंबर बारीक घेऊन. टाके घट्ट असले की पृष्ठभाग सपाट होतो आणि आतला कापूसही बाहेर डोकावत नाही. डोळे बटणांचे नकोत, धाग्याने भरलेले हवेत.

याहून सोपी आणि जास्त खात्रीची गोष्ट म्हणजे त्याच साडीची बाहुली. जिला तो आधीच गालाशी धरतो तिचं कापड वापरायचं, म्हणजे स्पर्शाची परीक्षा आधीच पास. आकार साधा ठेवा: तळहातापेक्षा थोडी मोठी उशी, वर एक डोकं, हातपाय नसले तरी चालतील. शिवण दुहेरी घाला. आधी सुलट बाजूने शिवून कडा बारीक कापा, मग उलटून आतून पुन्हा शिवा, म्हणजे कापडाचे दोरे दोन शिवणींच्या मध्ये बंद होतात. आत कापूस ठासून भरा, सैल बाहुली हातात लटकते आणि त्याला हवा तो दाब परत देत नाही. वजन हवं असेल तर वेगळ्या, दुहेरी शिवलेल्या पिशवीत थोडे तांदूळ भरून ती मध्ये बसवा. राजमा किंवा प्लास्टिकचे दाणे हलताना खडखडतात, तांदळाचा आवाज त्यामानाने दबका असतो. पावसाळ्यात तांदळाला पोरकिडे आणि बुरशी लागते, म्हणून ती पिशवी बाहेर काढता येईल अशी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तांदूळ बदला. वजनदार बाहुली मांडीवर, बसलेला असताना, तुमच्या डोळ्यांसमोर द्यायची. ती त्याला स्वतःहून बाजूला करता आली पाहिजे. झोपताना, तोंडावर किंवा मानेवर कधीही नाही.

धुताना नवीन साबण किंवा सुगंधी कंडिशनर वापरू नका. कापड तेच असलं तरी वास बदलला की त्याच्यासाठी ती दुसरीच वस्तू होते. हे लोकांना अतिशयोक्ती वाटतं, पण अशा मुलांत ओळखीची वस्तू एका धुण्यात नाकारली जाते.

चाकं फिरवायला आवडतं म्हणताय तर गाडी घ्याच, फक्त सेलची नको आणि मागे ओढून सोडायची, स्प्रिंगवाली नको. त्या सोडल्या की करकरत सुटतात आणि कुठेतरी जाऊन आदळतात. लाकडी, हाताने ढकलायची, रबरी कड्यांच्या चाकांची गाडी बघा. गाडी उलटी करून चाक बोटाने फिरवून ऐका. आस सैल असेल तर टकटक ऐकू येते, नीट बसलेली असेल तर चाक निमूट फिरत राहतं. लाखकामाची खेळणी या मुलाला फार जमतात, कारण संघाड्यावर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरत असलेल्या लाकडावर लाख घासून चढवतात तेव्हा पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि कुठे कड राहत नाही. तुम्हाला संखेडा हे गाव जवळ आहे. तिथलं काम फर्निचरसाठी प्रसिद्ध असलं तरी लाखेच्या लहान वस्तूही बघायला मिळतात. बोटांनी फिरवायचा छोटा भोवरा मिळाला तर जरूर घ्या, सतरंजीच्या कडेला पुठ्ठ्यावर फिरवला की आवाज जवळजवळ नाही आणि फिरणं मनसोक्त. वरून वेगळं वॉर्निश मारलंय का ते विचारून घ्या आणि खेळणं उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, लाख उष्णतेने मऊ पडून चिकट होते.

इथे आयएसआय चिन्हाचा प्रश्न निघेल. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून संखेड्याच्या भोवऱ्यावर ते दिसलं नाही तर लगेच नकली समजू नका. उलट, कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर ते नसेल तर घेऊ नका. पण चिन्हाचा अर्थ ध्यानात ठेवा: रंगातले जड धातू, टोकं, सुटे भाग अशा सुरक्षिततेच्या गोष्टींची परीक्षा झालेली आहे एवढंच ते सांगतं. तुमच्या मुलाला ते सोसवेल की नाही, याचं उत्तर त्यात नाही.

तिसरी वस्तू आवाजाची असावी असं मी मुद्दाम सुचवते. ज्याला आवाज खुपतो त्याच्या हाती आवाज काढण्याचं साधन असलं की कधी वाजवायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवतो. डबा बडवून तो हेच करतोय. त्याच्यासाठी लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन बघा, धातूच्या पट्ट्यांचा नको. धातूची पट्टी एकदा वाजली की घणघणत राहते, लाकडाचा सूर चटकन विझतो. सोबतच्या काठ्यांची टोकं कडक प्लास्टिकची असतात. त्यांच्यावर सुती मोज्याच्या कापडाचे दोन थर गुंडाळून दोरा बांधा, आवाज लगेच गोल होईल. पुढे त्याला हवं असेल तर एक थर काढा, मग दुसरा. किती थर ठेवायचे हे त्यालाच ठरवू द्या. घरातलंच काही वापरायचं तर एकसारख्या चार वाट्या घेऊन त्यात कमी-जास्त पाणी घालून लाकडी चमच्याने वाजवल्या तरी चालतं, फक्त वाट्यांखाली घडी केलेला टॉवेल हवा.

कोणी ना कोणी मातीचा डबा, म्हणजे खेळायची क्ले, आणेलच. चिकटपणा सोसत नसेल तर तो लगेच बोटं कपड्याला पुसेल. घरी कणीक करायची तर बहुतेक कृतींत मीठ कोरडंच मैद्यात घालतात, त्याचे कण वाळूसारखे टोचतात आणि दोष कणकेवर येतो. पाव कपाहून थोडं जास्त बारीक मीठ दीड कप उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग त्यात दोन मोठे चमचे तेल आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस घालून ते दोन कप मैद्यात ओता. मोठ्या चमच्याने ढवळा, कोमट झाल्यावर हाताला न चिकटेपर्यंत मळा, लागला तर थोडा मैदा आणखी. सुरुवातीला ती झिप लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच द्या. पिशवीवरून दाबणं चालू लागलं की पिशवी आपोआप उघडली जाते.

नवीन खेळणं देण्याची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची. ते बंद अवस्थेत, पॅकिंग काढून, त्याच्या खेळण्याच्या जागी दोन दिवस नुसतं ठेवा. “हात लाव ना” म्हणू नका आणि त्याचा हात धरून तर मुळीच लावू नका. स्वतःहून केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने करवलेला स्पर्श यात त्याच्यासाठी आकाशपाताळाचं अंतर आहे. तुम्ही शेजारी बसून स्वतः खेळा. तो फक्त बोटांच्या टोकांनी शिवतो का, बोटं फाकवून तळवा मागे ओढतो का, हात कपड्याला पुसतो का, हे बघा. यातलं काही दिसलं तर ते त्या दिवसापुरतं पुरे. पूर्ण तळवा टेकवून धरू लागला, गालाशी किंवा पोटाशी नेऊ लागला, म्हणजे जमलं. एका वेळी एकच नवी वस्तू द्या, नाहीतर काय आवडलं आणि काय खुपलं ते कळत नाही.

कान झाकणारे हेडफोन काहीजण सुचवतील. उत्तरायणाला गच्चीवर पिपाण्या वाजतात तेव्हा किंवा गरब्याच्या मैदानाजवळून जाताना त्यांचा उपयोग आहे, पण घरात खेळताना रोज घालून ठेवू नका. कायम शांततेची सवय लागली की साधे आवाजही जास्त बोचू लागतात.

आता नातेवाईकांना काय सांगायचं. “काहीही आणा, पण आवाजाचं नको” एवढं पुरत नाही, लोक मग केसाळ काहीतरी आणतात. व्हॉट्सॲपवर नेमकी यादी टाका आणि कोण काय आणणार ते वाटून द्या: मावशीकडून रबरी चाकांची लाकडी गाडी, काकांकडून लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन, आजींकडून साडीची बाहुली. “सेल नको, केस नको, टिकल्या नको” हीही एक ओळ त्यात लिहा, ती लक्षात राहते. फुगे फोडणं आणि गिफ्टचा चुरचुरणारा चकचकीत कागद, दोन्ही टाळता आले तर बघा. कागदाऐवजी सुती रुमालात बांधून द्यायला सांगा, गाठ त्याला स्वतः सोडता येते. तरीही कोणी गाणारं कुत्रं घेऊन आलंच तर पाहुण्यांसमोर उघडू नका. ते गेल्यावर स्वयंपाकघरात दार लावून तुम्हीच एकदा वाजवून ऐका, आपणहून बोलतंय असं दिसलं तर दुकानाच्या बिलासकट त्याच आठवड्यात बदलून आणा.